चौदा वर्षांखालील खो-खो संघाचा कोच व्हायचंय: माजी खेळाडूनं अर्जासोबतच्या पत्रात काय लिहावं?

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातला. नऊ वर्षं खो-खो खेळलो, जिल्हा संघात आणि राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या संघात होतो. गुडघा गेल्यापासून स्पर्धा बंद आहेत. दोन वर्षं गावात दर रविवारी पोरांना शिकवतो. बेळगावातल्या एका मराठी हायस्कूलला १४ वर्षांखालील मुलांसाठी कोच हवा आहे, अर्जासोबत पत्र द्या म्हणालेत. बक्षिसांची यादी काढून ठेवलीय, पण पत्रात नेमकं काय लिहू ते कळत नाही.

उत्तर: ती यादी पत्रात घालू नका, वेगळ्या कागदावर जोडा. पत्रात तुमच्या खेळाला दोन वाक्यं पुरेत. बाकीचं पत्र बारा-तेरा वर्षांच्या मुलांना तुम्ही कधी, कसं आणि काय शिकवणार यावर हवं. तुमच्या रविवारच्या पोरांचा प्रश्नात एका वाक्यात उल्लेख आलाय, पण पत्रातला सगळ्यात वजनदार मजकूर तोच आहे. जिल्हा संघात खेळलेले बरेच जण अर्ज करतील. त्यांतल्या किती जणांनी लहान मुलांना सलग दोन वर्षं शिकवलं असेल?

हे पत्र बहुधा तिघे वाचतील: मुख्याध्यापक, संस्थेचे सचिव आणि पीटी सर. मुख्याध्यापकांच्या मनात वेळ, पालक आणि दुखापत हे विषय असतात. सचिव पाहतात की हा माणूस दिवाळीपर्यंत तरी टिकेल का. खेळ कळतो तो पीटी सरांना, आणि त्यांना दोन गोष्टी बघायच्या असतात. याला लहान मुलांचा खो-खो खरंच कळतो का, आणि हा आपल्या कामात ढवळाढवळ करणार का? एका पानात तिघांनाही उत्तर मिळालं पाहिजे. अडीचशे ते तीनशे शब्द पुरतात.

स्वतःच्या खेळाबद्दल

‘अनेक स्पर्धांत चमकदार कामगिरी केली’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी संघातलं तुमचं काम सांगा. पहिल्या तुकडीत पळत होतात की खुंटाजवळ बसून आक्रमण करत होतात? पीटी सरांना एवढ्यावरून कळतं की तुम्ही मुलांना साखळी पळायला शिकवाल की खुंटावर गडी मारायला. जे काम तुम्ही संघात केलं नाही तेही एका वाक्यात येऊ द्या आणि ते मुलांना कसं शिकवणार ते सांगा. पळणाऱ्या गड्यानं आक्रमणाबद्दल काहीच लिहिलं नाही, तर वाचणाऱ्याला ती उणीव लगेच जाणवते.

गुडघ्याची दुखापत लपवू नका, कारण मैदानावर पहिल्याच दिवशी ती दिसणार आहे. काय करून दाखवता येतं आणि काय येत नाही ते लिहा. बसणं-उठणं, खो देणं, खुंटावरून वळणं दाखवता येत असेल आणि सूर मारता येत नसेल, तर सूर मोठ्या वर्गातल्या एखाद्या चांगल्या खेळाडूकडून दाखवून घेईन असं सांगा. तेवढ्यानं प्रश्न मिटतो.

१४ वर्षांखालचा संघ म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे हे दाखवा

पत्राचा गाभा इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

मोठ्यांचा खो-खो खेळून आलेला माणूस मुलांना पहिल्या आठवड्यापासून सूर, खुंटावरची मार, लांब साखळी शिकवायला घेतो. पण या वयाचे संघ सामने हरतात ते बहुतेकदा फाउलमुळे. बसलेला मुलगा खो मिळायच्या आधीच उठतो. खो देणारा पाठीला हात लावतो, पण तोंडातून ‘खो’ उशिरा निघतो. उठलेला मुलगा पळणाऱ्याकडे बघत बघत खांदा वळवतो, किंवा त्याच्या मागे जाताना मध्यपाटी ओलांडतो. फाउल झाला की पंच आक्रमकाला उलट दिशेला पाठवतात, आणि तेवढ्यात पळणारा सुटतो. कारण साधं आहे. या वयात मुलाची नजर गड्यावर असते आणि शरीर नजरेमागे जातं. म्हणून आधी पळणारा गडी नसतानाच आठ जणांना बसवून खो देत मैदान पार करायला शिकवायचं, आणि दिशा पक्की झाली की मगच समोर गडी सोडायचा. पत्रात हे दोन-तीन वाक्यांत आलं तरी पीटी सर तिथे थांबून पुन्हा वाचतील.

दुसरी गोष्ट गुडघ्यांची. वाढीच्या वयात वाटीच्या खाली, नडगीचं हाड जिथे सुरू होतं तिथे बोटानं दाबलं की दुखतं, अशी तक्रार घेऊन येणारी मुलं खो-खोत असतात. सतत बसणं-उठणं आणि उड्या यांनी ते दुखणं वाढतं. मांडीचा स्नायू हाडाला जिथे जोडलेला असतो, तो भाग या वयात अजून कूर्चेचा आणि नाजूक असतो. अशा मुलाला ‘सहन कर’ म्हणायचं नसतं. बैठका आणि उड्या कमी करून त्याला पळण्याचं हलकं काम द्यायचं, आणि दुखणं टिकलं किंवा सूज आली तर पालकांना सांगून डॉक्टरांकडे पाठवायचं. पत्रात यावर एकच वाक्य पुरे, पण ते हवंच.

तिसरी गोष्ट पावसाची. आपल्याकडे जूनमध्ये शाळा सुरू होते आणि क्लस्टर, तालुका या पातळीवरच्या स्पर्धाही पावसाळ्याच्या आगेमागेच येतात. म्हणजे सरावाचे महिने पावसाचेच. बेळगावच्या तांबड्या मातीत चिखल झाला की खुंटाजवळ वळताना पाय सटकतो, आणि घोटा किंवा गुडघा मुरगळण्याची जागा तीच. ‘रोज मैदानावर सराव घेईन’ असं लिहिणाऱ्यानं हा विचार केलेला नसतो. पावसाच्या दिवशी व्हरांड्यात किंवा सभागृहात काय घेणार ते लिहा. बसण्या-उठण्याची पद्धत, आवाजासह खो, छोट्या अंतराच्या धावा, पायांची चपळाई एवढं बंद जागेतही होतं. सूर मात्र ओल्या मैदानातही नको आणि फरशीवर तर नकोच. तो वाळूत किंवा मॅटवर शिकवायचा.

चौथी गोष्ट सचिवांना पटेल अशी आहे. शालेय स्पर्धांत वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मोजतात. त्यामुळे आठवीतले बहुतेक खेळाडू पुढच्या वर्षी या गटातून बाहेर जातात. फक्त तयार मुलं निवडून संघ उभा केला तर पुढच्या जूनमध्ये कोचकडे कोणीच उरत नाही. ‘सहावीची मुलंही सुरुवातीपासून सरावात घेईन’ या वाक्यातून तुम्ही एका वर्षापुरते आलेले नाही, हे आपोआप कळतं.

वेळ, मानधन आणि पीटी सर

वेळ लिहिताना मुलांची बस डोळ्यांसमोर ठेवा. शहरातल्या मराठी शाळांत आसपासच्या गावांतून पास काढून येणारी मुलं बरीच असतात. सराव सहा-साडेसहापर्यंत लांबला की पालक घरी बोलतात आणि दोन आठवड्यांत चांगला खेळाडू येणं बंद होतं. आठवड्यातून चार दिवस, शाळा सुटल्यावर ७५ मिनिटं ही या वयाला पुरेशी वेळ आहे. तुमची नोकरी असेल तर कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून मोकळे आहात ते स्पष्ट सांगा.

मानधनाचा आकडा पत्रात घालू नका, तो भेटीत ठरतो. पण ‘मानधनाची अपेक्षा नाही’ असंही लिहू नका. खानापूरहून येण्या-जाण्याचा खर्च रोजचा आहे, आणि फुकट यायला तयार असलेला माणूस किती दिवस येईल याची शंका सचिवांना येतेच. विषयाच्या ओळीत ‘शारीरिक शिक्षण शिक्षक’ हा शब्द चुकूनही वापरू नका. त्या पदाला बी.पी.एड. लागते आणि त्या नेमणुकीचे नियम वेगळे असतात. तुमचा अर्ज मानधनावरच्या प्रशिक्षकासाठी आहे.

स्पर्धेच्या प्रवेशिका मुख्याध्यापकांच्या सहीनं जातात आणि संघ घेऊन जाण्याची अधिकृत जबाबदारी बहुधा पीटी सरांकडेच असते. म्हणून त्यांच्या सोबतीनं काम करीन हे लिहा, आणि कोणत्या कामात हातभार लावाल तेही सांगा. खेळाडूंची जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरशी आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतल्या सॅट्स क्रमांकाशी जुळते का, हे प्रवेशिका भरण्याआधी तपासणं हे वेळखाऊ काम आहे. वयाची हरकत आली आणि कागद जुळले नाहीत तर जिंकलेला सामना हातचा जातो. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या म्हणजे बीईओ ऑफिसची परिपत्रकं कन्नडमध्ये येतात. तुम्हाला कन्नड वाचता-लिहिता येत असेल तर ते जरूर लिहा, नुसतं बोलता येत असेल तर तेवढंच सांगा.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल हल्ली शाळा विचारतातच, आणि २०१२च्या पॉक्सो कायद्यानंतर त्यांनी विचारायलाच हवं. तुम्ही स्वतःहून लिहिलंत तर त्यांचं काम सोपं होतं. सराव उघड्यावर आणि शाळेच्या आवारातच घेईन, एकट्या मुलाला गाडीवरून नेणार नाही, निरोप पालकांच्या किंवा शाळेच्या ग्रुपवरच देईन, अशी तीन ठोस वाक्यं द्या. पोलीस पडताळणीचा दाखला कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवरून काढता येतो. त्याला वेळ लागतो, म्हणून आजच अर्ज करा आणि पावती पत्राला जोडा.

पत्राचा नमुना

तुमच्या माहितीवरून पत्र साधारण असं होईल. पहिल्या तुकडीत पळणं, मुलांची वयं आणि संख्या, तालुका स्पर्धेत खेळलेली चार मुलं, गुडघ्यामुळे काय दाखवता येतं ते, कन्नड, दिवस आणि वेळ या गोष्टी मी धरून चाललोय, तिथे तुमचं जे खरं असेल ते घाला.

> प्रति,
> मा. मुख्याध्यापक,
> (शाळेचे नाव), बेळगाव
>
> विषय: १४ वर्षांखालील मुलांच्या खो-खो संघासाठी मानधनावर प्रशिक्षक म्हणून अर्ज
>
> महोदय,
>
> गेली दोन वर्षे मी खानापूर तालुक्यातील माझ्या गावी दर रविवारी ११ ते १४ वयाच्या १६ मुलांना खो-खो शिकवत आहे. त्यांपैकी चार मुले यंदा आपापल्या शाळेकडून तालुका स्पर्धेत खेळली. आपल्या शाळेच्या संघासाठी हेच काम नियमितपणे करण्याची माझी इच्छा आहे.
>
> मी नऊ वर्षे स्पर्धात्मक खो-खो खेळलो. जिल्हा संघात आणि राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या संघात मी संरक्षणाच्या पहिल्या तुकडीत पळत असे. गुडघ्याच्या दुखापतीमुळे स्पर्धा थांबवल्या आहेत. बसणे-उठणे, खो देणे व खुंटावरून वळणे मी स्वतः करून दाखवू शकतो. सूर व खुंटावरची मार मोठ्या वर्गातील खेळाडूकडून दाखवून घेईन.
>
> पहिले सहा आठवडे संघ न निवडता सहावी ते आठवीच्या सर्व इच्छुक मुलांना सरावात घेईन. पहिल्या दोन आठवड्यांत योग्य बसणे-उठणे आणि आवाजासह खो, पुढील दोन आठवड्यांत दिशा न बदलता व मध्यपाटी न ओलांडता आक्रमण, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत तीन-तीनच्या तुकड्यांनी पळणे, असा क्रम राहील. प्रत्येक डावातील फाउल आणि प्रत्येक तुकडीची पळण्याची वेळ वहीत नोंदवून सहा आठवड्यांनी आपणांस दाखवीन. पावसात मैदान निसरडे असल्यास सराव व्हरांड्यात घेईन. गुडघा दुखत असलेल्या मुलाच्या बैठका व उड्या थांबवून पालकांना कळवीन.
>
> सोमवार, मंगळवार, गुरुवार व शुक्रवारी दुपारी ४:३० ते ५:४५ या वेळेत मी येऊ शकतो. बसने जाणाऱ्या मुलांना वेळेवर सोडीन. सराव शाळेच्या आवारातच होईल. कोणत्याही मुलाला एकट्याने गाडीवरून नेणार नाही, आणि सर्व निरोप पालकांच्या ग्रुपवरच देईन. प्रवेशिका व वयाचे कागद तपासण्यात शारीरिक शिक्षण शिक्षकांना मदत करीन. मला कन्नड वाचता व लिहिता येते.
>
> आपल्या सोयीच्या दिवशी एक तास मुलांचा सराव घेऊन दाखवण्याची संधी द्यावी, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (नाव, सही, फोन, दिनांक)
>
> सोबत: खेळाच्या प्रमाणपत्रांची यादी व प्रती, पूर्वीच्या प्रशिक्षकांचे पत्र, पोलीस पडताळणीची पावती

यात एकही बक्षीस नाही, तरी खेळाडू म्हणून तुम्ही कुठे होतात ते कळतं. ‘शाळेला राज्यपातळीवर नेईन’ हे वाक्यही जाणूनबुजून ठेवलेलं नाही. नवीन माणसाच्या तोंडी ते ऐकलं की पीटी सरांना पुढचं वाचावंसं वाटत नाही. आधीच्या कोचबद्दल किंवा गेल्या वर्षीच्या निकालाबद्दलही काही लिहू नका. ते काम ज्यांनी केलं ते कदाचित त्याच खोलीत बसलेले असतील.

सहा आठवड्यांनी वही दाखवीन, हे वाक्य फक्त पाळणार असाल तरच ठेवा. वही साधी असते. तारीख, डाव, किती फाउल, कोणत्या प्रकारचे, आणि प्रत्येक तुकडी किती वेळ टिकली. सुरुवातीला एका डावात आठ-दहा फाउल होत असतील आणि सहा आठवड्यांनी ते तीन-चारवर आले, तर सामना न जिंकताही काम झालेलं दिसतं. फाउल कमी होत नसतील तर कोणता प्रकार उरलाय ते वहीतून कळतं. खांदा वळवण्याचाच फाउल राहिला असेल तर समोरचा गडी पुन्हा काढून घ्या आणि नुसत्या खोच्या सरावावर परत या.

पूर्वीच्या प्रशिक्षकांच्या पत्रात ‘गुणी खेळाडू’ एवढंच नको. हा मुलांना शिकवताना मी पाहिलं आहे, वेळेवर येतो, मुलांवर ओरडत नाही, असं त्यांनी लिहिलं तर उपयोग होतो. त्यांचा फोन नंबर द्यायचा असेल तर आधी त्यांना विचारा. राष्ट्रीय क्रीडा संस्था, पतियाळाचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम किंवा पंच परीक्षा केलेली असेल तर तिची प्रत सगळ्यात वर ठेवा. केलेली नसेल तर ‘करणार आहे’ असं लिहू नका. अर्ज खरोखर भरला असेल तरच त्याचा उल्लेख येऊ द्या.

पत्र स्वतः नेऊन द्या, शक्यतो मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटताना, आणि मुख्याध्यापकांना भेटायच्या आधी पीटी सरांना नमस्कार करा. मैदान बघून घ्या. खुंट पक्के आहेत का, कडेला दगड किंवा गटार आहे का, पावसाचं पाणी कुठे साठतं, हे पाहून ठेवा. एक तासाच्या सरावाला बोलावलं तर काय घ्यायचं ते यावरूनच ठरेल. त्या तासात १० मिनिटं शरीर गरम करणं, २० मिनिटं बसणं-उठणं आणि आवाजासह खो, १५ मिनिटं गड्याशिवाय दिशा राखून आक्रमण, १० मिनिटं छोटा डाव आणि शेवटी ५ मिनिटं स्ट्रेचिंग एवढंच घ्या. मुलं जास्त आली तर दोन रांगा करा. रांगेत उभं राहून वाट बघणारा मुलगा पाच मिनिटांत दुसऱ्याला ढकलायला लागतो, आणि व्हरांड्यातून बघणाऱ्या मुख्याध्यापकांचं लक्ष आधी तिकडेच जातं.